एफसीला कोणता माल पाठवायचा आणि किती? (लांब साठवणुकीचं भाडं अंगावर यायची वेळ आली आहे)

ऋजुता_कोथरूड | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा दीर मिळून तांब्या-पितळेच्या आणि लोखंडी भांड्यांची ऑनलाइन विक्री करतो. माल बराचसा तांबट आळीतून आणि थोडा बोहरी आळीतून उचलतो, पॅकिंग घरच्या तळमजल्यावर होतं. गेल्या वर्षापासून काही माल भिवंडीच्या एफसीला, म्हणजे मार्केटप्लेसच्या गोदामात, ठेवतो, बाकीचा घरून कुरियरने जातो.

काल पॅनलवर सूचना आली की १४ मार्चला माझ्या काही मालाला १८० दिवस पूर्ण होतील आणि त्यानंतर नेहमीच्या साठवणुकीवर जादा भाडं लागेल. माझ्या दरपत्रकाप्रमाणे नेहमीचं भाडं घनफुटाला महिना ४५ रुपये आहे. १८० दिवसांनंतर त्यावर घनफुटाला महिना आणखी ९० रुपये.

आमच्याकडे चार मुख्य वस्तू आहेत.

तांब्याची १ लिटरची बाटली महिन्याला ६० जातात. खोका १० × १० × ३० सेंमी.
लोखंडी तवा महिन्याला २० जातात. खोका ४५ × ३० × ६.
पितळी समयांची जोडी एरवी महिन्याला ४, दसरा-दिवाळीत मात्र ६०च्या वर. खोका ३५ × २० × २०.
नळ लावलेलं तांब्याचं १० लिटरचं पिंप. खोका ३५ × ३५ × ४०. दुखणं हेच आहे.

१५ सप्टेंबरला २४ पिंपं एफसीत जमा झाली. दिवाळीपर्यंत ८ गेली आणि मला वाटलं, आता महिन्याला चार तरी नक्की जातील. पण नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तिन्ही महिने दोन-दोनच गेली. म्हणजे आज १० पिंपं तिथे पडून आहेत. सगळे खर्च जाऊन एका पिंपामागे साडेचारशे रुपये सुटतात.

दोन प्रश्न आहेत. या १० पिंपांचं काय करू? आणि पुढच्या खेपेला कोणती वस्तू किती पाठवायची हे कशावरून ठरवू? आत्तापर्यंत मी टेम्पोत जागा उरली की माल भरत होते, खरं सांगायचं तर.

---

भोसरीकर | सकाळी ११:४५

सोपं आहे ताई. जड वस्तू एफसीला पाठवायच्याच नाहीत. तवा आणि पिंप घरी ठेवा, बाटल्या पाठवा. मी ऑटो पार्ट विकतो, जड माल कधीच ठेवत नाही तिथे.

---

निशिगंध | दुपारी १२:१०

माझाही हाच प्रश्न आहे, फक्त कुर्त्यांचा. मीडियम-लार्ज निघून जातात आणि स्मॉल व डबल एक्सएल राहतात. धागा वाचते आहे.

---

हिशोबनीस | दुपारी १:३०

भोसरीकर, साठवणुकीचं भाडं वजनावर लागत नाही, आकारमानावर लागतं. वजनाचा संबंध ग्राहकापर्यंत पोचवण्याच्या शुल्काशी. तवा जड आहे, पण त्याचा खोका चपटा. ४५ × ३० × ६ म्हणजे ८,१०० घनसेंमी. एका घनफुटात साधारण २८,३१७ घनसेंमी येतात, म्हणजे तवा ०.२९ घनफूट झाला. महिन्याचं भाडं १३ रुपये. पिंप ४९,००० घनसेंमी, म्हणजे १.७३ घनफूट आणि भाडं महिन्याला ७८ रुपये. त्यातही आतली बहुतेक जागा हवा आहे. आपण हवेचं भाडं भरतो आहोत, हे पिंपाच्या बाबतीत शब्दशः खरं आहे.

ऋजुताताई, उत्तर देण्याआधी तीन आकडे लागतील. पिंप घरून पाठवलं तर एफसीपेक्षा किती जास्त खर्च येतो? एफसीतून परत मागवायला नगामागे किती घेतात? आणि भिवंडीपर्यंत एका पिंपाचं भाडं किती पडतं?

---

ऋजुता_कोथरूड | दुपारी २:०५

घरून पाठवलं तर कुरियरला पिंपामागे १८० जास्त जातात. परत मागवायला नगाला ६०. भिवंडीपर्यंत एका पिंपाला साधारण १३५. बाटल्यांसाठी दर महिन्याला खेप जातेच, पिंपं त्यातच चढवते.

---

भोसरीकर | दुपारी २:२०

वजनाचं मान्य. मग पिंपं परत मागवा आणि लगेच पुन्हा पाठवा, मालाचं वय शून्यापासून मोजायला लागतात. माझ्या ओळखीत एकाने केलंय.

---

वाघोली_वेअरहाऊस | दुपारी २:५०

मी विक्रेता नाही, वाघोलीत गोडाऊन भाड्याने देतो. चौरस फुटाच्या भाड्यात तुमचा सगळा माल बसेल. एफसी हवंच कशाला? घनफूट वगैरे भानगड नाही.

---

हिशोबनीस | दुपारी ४:१५

वाघोली, त्यांना जागा कमी पडत नाहीये. प्रश्न आहे की जवळची जागा कशाला वापरायची आणि लांबची महाग जागा कशाला. तुमचं गोडाऊन घेतलं तरी भिवंडीला काय ठेवायचं हे ठरवावंच लागेल.

आता १० पिंपांकडे येतो. आपण सगळे एक चूक करतो. "एकूण भाडं भागिले एकूण नग" करून सरासरी काढतो आणि ती परवडते असं वाटतं. पण पहिलं पिंप आठवड्यात जातं, शेवटचं पाच महिन्यांनी. भाडं खातं ते शेवटचं. म्हणून प्रत्येक नगाला रांगेत उभं करा आणि विचारा, याची पाळी कधी येणार?

महिन्याला दोन जातात, म्हणजे पंधरवड्याला एक. १४ मार्चपर्यंत एका पिंपाला महिना ७८. त्यानंतर ७८ अधिक जादा भाडं १५६, म्हणजे महिना २३४.

रांगेतलं पहिलं पिंप अर्ध्या महिन्यात जाईल, भाडं ३९. दुसरं महिन्यात जाईल, ७८. तिसरं दीड महिन्याने, म्हणजे ७८ आणि वर अर्ध्या महिन्याचे ११७, एकूण १९५. चौथं ३१२. पुढे प्रत्येकाला आधीच्यापेक्षा ११७ जास्त. दहावं पिंप जाईपर्यंत त्याच्या एकट्याच्या डोक्यावर १,०१४ रुपये बसलेले असतील. दहाही तिथेच ठेवली तर बेरीज ४,९५३ येते. तुमचा दहा पिंपांचा नफा ४,५००.

परत मागवलं तर एका नगाला काय पडेल? मागवायचे ६० आणि नंतर कधीतरी भिवंडीला न्यायचे १३५, एकूण १९५. घरूनच विकलं तर ६० आणि १८०, म्हणजे २४०. तिसऱ्या पिंपाला ठेवणं आणि मागवणं सारखंच पडतं. चौथ्यापासून मागवणं स्वस्त. म्हणजे ३ ठेवा, ७ मागवा. खर्च पहिल्या तिघांचे मिळून ३१२ अधिक ७ × १९५, एकूण १,६७७. जवळजवळ ३,३०० रुपये वाचतात.

भोसरीकरांची युक्ती निम्मी बरोबर आहे. परत आलेल्या नगाचं वय नव्याने सुरू होतं. पण सातही लगेच चढवली तर रांगही नव्याने लागेल आणि १९५ फुकट जातील. घरी ठेवायची आणि लागतील तशी दोन-दोन, तीन-तीन पाठवायची, तरच त्यात अर्थ आहे.

---

सेलवाला_पिंपरी | दुपारी ४:४०

हे सगळं मागवणं-पाठवणं करण्यापेक्षा २०० रुपये कमी करा, महिन्यात उडतील. माल हलला पाहिजे, बस.

---

ऋजुता_कोथरूड | सायंकाळी ५:१०

@हिशोबनीस, रांगेत उभं करायची कल्पना डोक्यात बसली. मी सरासरीच काढत होते आणि ती दिसायला बरी होती.

@सेलवाला, डिसेंबरमध्ये १५० कमी केले होते. तरी दोनच गेली. पिंप घेणारा माणूस किमतीपेक्षा तांब्याची जाडी आणि नळ गळतो का हे विचारतो. प्रश्नोत्तरांत सगळे प्रश्न त्याचेच असतात.

---

सेलवाला_पिंपरी | सायंकाळी ५:२५

मग माझा मुद्दा पिंपाला लागू नाही. मी मोबाइल कव्हर विकतो, तिथे १० रुपयांनीही फरक पडतो. पण सूट देताना एवढं लक्षात ठेवा, ती एफसीतल्या सगळ्या नगांना लागते. जे पहिलं-दुसरं पिंप आपसूक जाणार होतं त्यालाही.

---

मसालेवाली_मावशी | रात्री ८:३०

आमच्याकडे गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. तिथे भाड्याआधी मुदतीचीच काळजी. पाकिटावरची मुदत संपायच्या बऱ्याच आधी एफसीवाले माल विक्रीतून काढतात. तो "विक्रीयोग्य नाही" या खात्यात जातो आणि तिथे पडून राहिला तरी भाडं चालूच. हे मला तीन महिन्यांनी कळलं.

ऋजुता, तुझंही ते खातं बघ. ग्राहकाने परत केलेली भांडी तिथे असणार. माझ्या मुलीला मी दर सोमवारी हेच एक पान उघडायला लावते.

---

ऋजुता_कोथरूड | रात्री ९:१५

मावशी, बघितलं. ११ तवे आहेत त्या खात्यात! कारण "खराब". घरी परत आलेल्या दोन तव्यांना मागे गंज होता, तेच असणार.

---

तवा_तापला | रात्री ९:४०

लोखंडी तव्याचं मी सांगतो, चार वर्षं हेच विकतोय. जून ते सप्टेंबर भिवंडीची हवा लोखंडाला मानवत नाही. खोक्यात नुसता बबल रॅप असेल तर आत ओल धरते आणि दोन महिन्यांत कडेला लाल ठिपके येतात. तव्याला तेलाचा हात फिरवा, मग गंजरोधक कागद, मग घट्ट पिशवी, वर सिलिका जेलची पुडी. रविवार पेठेत पॅकिंगवाल्यांकडे सगळं मिळतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मी चार-पाच आठवड्यांपेक्षा जास्त तवे तिथे ठेवत नाही. तव्याला १३ रुपयांचं भाडं जड नाही. पण महिना उलटला की परत येणारे तवे वाढतात, आणि एक गंजलेला तवा परत आला की दहा तव्यांचा फायदा जातो.

---

निशिगंध | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

हिशोबनीस, कुर्त्यांनाही रांगच लावायची का? माझा कुर्ता ०.०८ घनफूट आहे.

---

हिशोबनीस | सकाळी ९:३५

हो, पण प्रत्येक मापाची रांग वेगळी. "हा कुर्ता महिन्याला ४० जातो" या वाक्याचा उपयोग नाही. डबल एक्सएल निळा महिन्याला दोन जात असेल तर त्याची रांग दोनच्या वेगाने सरकणार. ०.०८ घनफुटाला महिना ३.६० रुपये पडतात. त्यामुळे नेहमीच्या भाड्याने तुम्ही मरणार नाही, १८० दिवसांनंतरही फार नाही. कुर्त्यात पैसा अडकतो आणि फॅशन जाते, तो हिशोब निराळा. पिंपवाल्यांनी भाड्याकडे बघावं, कुर्तेवाल्यांनी अडकलेल्या पैशाकडे.

---

प्रपंच | सकाळी १०:१०

जरा विषयांतर. माझ्या पॅनलवर सारखं येतं की बेंगळुरू आणि हैदराबादच्या एफसीला माल पाठवा, तिथे मागणी आहे. तिथे ठेवला तर भिवंडीतला साठा कमी होईल आणि माल लवकर हलेल, असं मनात येतं. कोणी केलंय?

---

करसल्लागार_सदाशिव | सकाळी ११:२५

करता येतं, पण आधी जीएसटीचं बघा. महाराष्ट्रातली एफसी तुमच्या सध्याच्या नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून जोडली की काम होतं. कर्नाटकात किंवा तेलंगणात माल ठेवायचा तर त्या राज्यात वेगळी नोंदणी लागते. शिवाय तुमचाच माल तुमच्याच दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकडे गेला तरी कायद्याने तो पुरवठा धरतात. आयजीएसटी लावून बीजक करावं लागतं. त्याचं क्रेडिट तिथे मिळतं, पण माल विकला जाईपर्यंत पैसा अडकतो. आणि दर महिन्याला दोन राज्यांची विवरणपत्रं.

ई-वे बिलही विसरू नका. राज्याबाहेर ५०,००० च्या वर लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. विकला न जाणारा माल तिकडून परत आणायचा झाला तर हेच सगळं उलट दिशेने.

---

प्रपंच | सकाळी ११:४०

महिन्याला ३० नगांसाठी एवढं नको. धन्यवाद.

---

हिशोबनीस | दुपारी १२:३०

ताईंचा दुसरा प्रश्न राहिला. पुढे कोणती वस्तू किती पाठवायची?

काल मी थोडं घाईत "ठेवणं की मागवणं" एवढंच सांगितलं. नव्याने पाठवताना तुलना बदलते. पिंप आज पाठवायचं की नाही असा प्रश्न नसतो, आज पाठवायचं की पुढच्या खेपेला असा असतो. पुढच्या खेपेला पाठवलं तरी १३५ तेवढेच जाणार. बाटल्यांची खेप दर महिन्याला जातेच, म्हणजे पिंप महिनाभर थांबवायला तुम्हाला काहीच पडत नाही. घरच्या तळमजल्याला भाडं नाही. मग महिनाभर आधी पाठवून ७८ रुपये का भरायचे?

त्यामुळे एफसीत असावा तो एवढाच साठा: दोन खेपांमधले ३० दिवस, तुमचा माल पोचून विक्रीला दिसायला लागणारे दिवस आणि थोडी गंगाजळी. तुमच्याकडे माल जमा व्हायला किती दिवस लागतात?

---

ऋजुता_कोथरूड | दुपारी १२:५०

एरवी ८ ते १० दिवस. सप्टेंबरात गेटवरच पाच दिवस गाडी अडकली होती.

---

हिशोबनीस | दुपारी १:२०

मग ३० अधिक १० अधिक १५ दिवसांची गंगाजळी, एकूण ५५ दिवस. महिन्याला २ पिंपं जातात, म्हणजे चार. चारच्या वर एफसीत पिंप नको. तिथे तीन असतील तर पुढच्या खेपेत एक चढवायचं. तवे महिन्याला २०, म्हणजे ३७. पावसाळ्यात तवा_तापला यांचं ऐकून २५ वर आणा. बाटल्या ११०.

बाटलीला मात्र मी हात आखडता घेणार नाही. ०.११ घनफूट, महिना पाच रुपयांच्या आत भाडं. संपली तर यादीत खाली जाते आणि पुन्हा वर यायला वेळ लागतो. बाटली संपण्याचा तोटा पडून राहण्यापेक्षा मोठा आहे, म्हणून तिची गंगाजळी महिन्याची ठेवा आणि १४० पाठवा. पिंपाचं बरोबर उलट.

---

भोसरीकर | दुपारी १:४५

एक शंका. नवा माल सतत पाठवत राहिलं तर जुना माल तळाला राहून त्याचं वय वाढत जाणार नाही का? शेल्फवरून कोणता नग उचलतील हे आपल्या हातात कुठे आहे?

---

हिशोबनीस | दुपारी २:००

प्रत्यक्षात कोणताही उचलू देत. माझ्या विवरणात तरी वय आधी आलेला आधी गेला असंच मोजलेलं दिसतं. त्यामुळे बाटल्यांचं वय दोन-अडीच महिन्यांच्या वर कधी जात नाही. पण आधीचीच पिंपं पडून असताना नवीन पाठवली तर जुन्यांचं वय थांबत नाही, हेही तितकंच खरं.

---

मीटरपट्टी | दुपारी ३:३०

सगळे हिशोब ताईंनी दिलेल्या मापावर चाललेत. एफसीच्या नोंदीत तेच माप आहे का ते बघितलं का कोणी? माझ्या डब्यांचा बाहेरचा मोठा खोका मोजून ठेवला होता त्यांनी, सात महिने मी दीडपट भाडं भरलं. भाड्याच्या विवरणात नगामागे आकारमान लिहिलेलं असतं. ते उघडा.

---

ऋजुता_कोथरूड | दुपारी ४:४०

मीटरपट्टी, तुमचे पाय कुठे आहेत! आत्ता उघडून बघितलं. पिंपाची नोंद ४० × ४० × ४५ अशी आहे. म्हणजे ७२,००० घनसेंमी, २.५४ घनफूट. महिन्याला ७८ नाही, ११४ कापत होते. मी कधी नगाने भागून बघितलंच नव्हतं.

बाटली आणि तव्याची नोंद बरोबर आहे. समईचं जवळपास बरोबर.

---

मीटरपट्टी | दुपारी ४:५५

फेरमोजणीची विनंती आजच टाका. पट्टी लावलेले तीन बाजूंचे फोटो आणि पॅक केलेल्या नगाचा एक फोटो जोडा. दोन खोक्यांत पॅक करत असाल तर कोणता खोका ग्राहकाला जातो हे स्पष्ट लिहा. घोळ बहुधा तिथेच आहे.

---

ऋजुता_कोथरूड | दुपारी ५:१०

हो, वाटेत पोचा पडू नये म्हणून बाहेरून जादा खोका चढवला होता. ग्राहकाकडेही तोच जातो. मग त्यांचं माप चूक म्हणता येईल का?

---

मीटरपट्टी | दुपारी ५:३०

मग नाही म्हणता येणार. ग्राहकाला जो खोका जातो तोच मोजतात. विनंती टाकून बघा, पण भरवसा ठेवू नका. पुढच्या मालाला एकाच खोक्यात कोपऱ्यांना जाड पुठ्ठा आणि मध्ये फोम देऊन काम होतं का ते बघा.

---

हिशोबनीस | सायंकाळी ६:१५

२.५४ घनफुटाने रांग पुन्हा लावली. मार्चपर्यंत महिना ११४, त्यानंतर ११४ अधिक २२९, म्हणजे ३४३. तिसऱ्या पिंपाला आता २८५ पडतात आणि मागवायला १९५च. म्हणजे २ ठेवा, ८ मागवा. उत्तर एकाच पिंपाने बदललं, पण गेल्या पाच महिन्यांत नगामागे दर महिन्याला ३६ जास्त गेले ते वेगळेच.

आणि विनंती आजच टाका. माल मागवला म्हणजे लगेच सुटत नाही. माझे १५ दिवस तर कधी तीन आठवडे गेलेत, आणि बाहेर पडेपर्यंत भाडं चालू असतं. १४ मार्चच्या आधी नग बाहेर पडायला हवेत. त्या ११ तव्यांचीही त्यातच मागणी करा.

---

करसल्लागार_सदाशिव | सायंकाळी ६:४०

या सगळ्या शुल्कांवर १८% जीएसटी लागतो, तो वरच्या हिशोबात धरलेला नाही. नेहमीच्या नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून निर्णय बदलत नाही. कंपोझिशनवाल्यांना मात्र हे क्रेडिट मिळत नाही.

---

समईची_वात | रात्री ९:०५

समईबद्दल कोणीच बोललं नाही. मी पूजेचं साहित्य विकते. माझं मत, दिवाळी झाली की एफसीत एकही समई ठेवू नये. एका जोडीला महिना २२ रुपये, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत दहा-अकरा महिने. सगळी परत मागवा, ऑगस्टच्या शेवटी पहिली खेप पाठवा आणि सप्टेंबरात दुसरी छोटी. एकदम सगळं पाठवलं आणि गेटवर गाडी अडकली, तर सगळाच माल अडकतो.

---

तवा_तापला | रात्री ९:३०

शून्य नको. एरवी महिन्याला चार जोड्या जातात ना? आठ ठेवा. लिस्टिंगवर माल संपला की सप्टेंबरात ती यादीच्या तळातून वर आणावी लागते आणि तेव्हा जाहिरात सगळ्यात महाग असते. आठ जोड्यांचं महिन्याचं भाडं १७६. जाहिरातीत तेवढे दोन तासांत जातात.

---

समईची_वात | रात्री ९:५०

घरून पाठवायची लिस्टिंग चालू ठेवली तर लिस्टिंग मरत नाही. एफसीच्या मालाला मिळणाऱ्या बिल्ल्याशिवाय विक्री थोडी कमी होते, एवढंच.

---

तवा_तापला | रात्री १०:०५

थोडी नाही, माझ्याकडे निम्मी झाली होती. पण समईचा गिऱ्हाईक वेगळा असेल, तुमचा अनुभव तुमच्यापाशी.

---

हिशोबनीस | रात्री १०:३०

या वादात मी पडत नाही, कारण समईचा आकडा माझ्याकडे नाही. ताई, मार्च ते मे एफसीत आठ ठेवा, जून ते ऑगस्ट शून्य ठेवून घरून विका आणि दोन्हीची विक्री इथे टाका.

---

ऋजुता_कोथरूड | १९ मार्च, दुपारी १२:१५

मंडळी, महिन्याने परत येते आहे.

८ पिंपं आणि ११ तवे १६ फेब्रुवारीला मागवले. तवे १ मार्चला आले. पिंपं दोन गठ्ठ्यांत आली, ५ ला पाच आणि ११ ला तीन. १४ च्या आत सगळी बाहेर पडली. एका पिंपाला तळाशी पोचा आहे, तो तांबट आळीत काढून घेतला, ५० रुपये लागले. तव्यांपैकी ७ घासून, तेल लावून पुन्हा विकण्याजोगे झाले. ४ गेले.

एफसीत ठेवलेल्या दोन पिंपांपैकी एक २६ फेब्रुवारीला गेलं. दुसरं अजून आहे. त्याला आता रोजचं जादा भाडं लागतंय आणि मी पॅनल उघडते तेव्हा पहिल्यांदा तेच बघते.

फेरमोजणीची विनंती नाकारली. मीटरपट्टी म्हणाले तसंच. आता एकाच खोक्यात कोपऱ्यांना पुठ्ठा घालून ३६ × ३६ × ४१ बसवलं आहे, चौथ्या मजल्याच्या जिन्यावरून खोका सोडून पाहिला, पिंप शाबूत राहिलं. या मापाची नवी लिस्टिंग करायची की जुन्याचंच माप बदलून घ्यायचं, कोणी सांगेल का? जुन्यावर ४१ अभिप्राय आहेत, ते सोडवत नाहीत.

---

मीटरपट्टी | दुपारी १:००

जुनीच ठेवा. पण एफसीत शिल्लक असलेलं ते एक पिंप संपल्याशिवाय नवा खोका पाठवू नका. त्यांनी मोजायला जुना नग उचलला तर पुन्हा ४० × ४० × ४५.

---

ऋजुता_कोथरूड | दुपारी १:१०

म्हणजे त्या एकासाठी सगळ्यांनी थांबायचं. बरं. आठवडाभर वाट बघते, नाही गेलं तर तेही मागवते. समया मात्र आठ ठेवल्या आहेत, जूनमध्ये आकडे टाकते.